बेहड्याची साल म्हणजे झाडाची साल नव्हे : एका लेबलच्या इंग्रजीची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या आयुर्वेदिक कारखान्याचं काम आलं. कारखाना म्हणजे काय, एक शेड, दोन पल्व्हरायझर, चाळणीचं मशीन आणि पॅकिंगला सात-आठ बायका. मालक वैद्य, वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना काका म्हणतात म्हणून मीही काकाच म्हणते. त्यांच्या मुलाला अमेरिकेतला एक बायर मिळाला होता आणि पहिलाच माल जाणार होता अविपत्तिकर चूर्णाचा, १०० ग्रॅमचे डबे. लेबल आणि आतला घडीचा कागद इंग्रजीत करून हवा होता. मुलगा फोनवर म्हणाला, "फार नाहीये हो, दीड पानच आहे, उद्या संध्याकाळपर्यंत होईल ना?" मी हो म्हणाले. ते दीड पान पूर्ण व्हायला सव्वा महिना लागला.

माझा भाषांतराचा अनुभव तोपर्यंत मशिनरीची मॅन्युअल्स, द्राक्षवाल्यांचे एक्स्पोर्टचे कागद, एखाद दुसरं कोर्टाचं काम असा होता. आयुर्वेदाचं हे पहिलंच. त्यामुळे आधी जे चुकीचं केलं तेही सांगते.

आधी कुणाकडून तरी त्यांनी एक इंग्रजी ड्राफ्ट करून घेतलेला होता, तो मला रेफरन्स म्हणून पाठवला. पहिल्याच ओळीत पिंपळीचं इंग्रजी पीपल असं केलेलं. म्हणजे पारावरचा पिंपळ! पिंपळी ही मिरीच्या कुळातली वेल, पायपर लाँगम, इंग्रजीत लाँग पेपर, आणि पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा, दोघांचा काही संबंध नाही. मी हसले आणि मनात म्हटलं, हे आपण नीट करू. आणि मग पुढच्या दोन दिवसांत मी स्वतः तसल्याच चार चुका केल्या.

अविपत्तिकराचा पाठ सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुंठ, मिरी, पिंपळी म्हणजे त्रिकटू. हिरडा, बेहडा, आवळा म्हणजे त्रिफळा. मग नागरमोथा, बिडलोण, वावडिंग, वेलची, तमालपत्र. ही झाली अकरा द्रव्यं, प्रत्येकी एक भाग. या अकरांइतकी एकटी लवंग, म्हणजे ११ भाग. आता झाले २२, त्याच्या दुप्पट निशोत्तर म्हणजे ४४ भाग. एकूण ६६, आणि या सगळ्याइतकी साखर, ६६ भाग. सगळं मिळून १३२. म्हणजे डब्यात निम्मी साखर, एक तृतीयांश निशोत्तर, आणि उरलेल्यात बाकी सगळे. निशोत्तर हे सारक, कोठा साफ करणारं, ते या चूर्णातलं खरं काम करणारं द्रव्य. हे आकडे मला काकांनी एका जुन्या बिलाच्या मागे लिहून दिले आणि तो कागद मी अजून ठेवलाय.

मी काय केलं होतं, तर मराठी लेबल समोर ठेवून एकेका नावाला शब्दकोशातून इंग्रजी शब्द लावत गेले. तमालपत्राला बे लीफ लिहिलं. दुकानात पाकिटावर तसंच असतं ना. पण बे लीफ म्हणजे लॉरस नोबिलिस, भूमध्य समुद्राकडचं झाड, आणि आपलं तमालपत्र सिनॅमोमम तमाला, दालचिनीचंच भावंड. पानं बघूनसुद्धा कळतं, आपल्या पानावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात आणि त्यांच्या बे लीफवर मधे एकच. आवळ्याला नुसतं गूजबेरी लिहिलं, ते तर वेगळंच आंबट फळ, रायबीज वंशातलं. नागरमोथ्याला नेटवर पहिलं जे लॅटिन नाव दिसलं ते टाकलं, सायपरस स्कॅरिओसस. इथे तर गंमतच आहे, कारण मराठीत आपण मुस्तेला नागरमोथा म्हणतो आणि ती मुस्ता म्हणजे सायपरस रोटुंडस, शेतात उगवतो तो मोथा. हिंदीकडच्या बाजारात मात्र नागरमोथा या नावाने बऱ्याचदा तो दुसरा, अत्तराच्या धंद्यातला स्कॅरिओसस जातो. एकच शब्द, दोन वनस्पती, आणि मी मराठी लेबलवरच्या शब्दाला हिंदी बाजाराचा अर्थ लावून मोकळी.

आणि सगळ्यात मोठी चूक बेहड्याची. मूळ कागदावर "बेहडा साल" लिहिलेलं. मी सरळ बार्क लिहिलं. साल म्हणजे बार्क, यात काय विचार करायचा?

काकांकडे ड्राफ्ट घेऊन गेले तर त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि काही न बोलता गोडाऊनकडे चालायला लागले. मी मागोमाग. एका गोणीत हात घालून त्यांनी मूठभर तपकिरी, सुरकुतलेले तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. "हे झाडाचं आहे का?" नव्हतंच. ते फळाचं होतं, आतली बी काढून टाकलेलं, वरचं नुसतं दळ. हिरडा-बेहड्याच्या बाबतीत बाजारात साल म्हणतात ते या फळाच्या टरफलाला. बेहड्याच्या झाडालाही साल असते आणि ती वेगळी गोष्ट. लेबलवर बार्क गेलं असतं तर कागदावर एक द्रव्य आणि डब्यात दुसरं. मग लिहायचं काय? टर्मिनॅलिया बेलिरिका, फ्रूट पेरिकार्प. बी काढून टाकल्यावर उरतो तो फळाचा भाग.

"अगं, शब्दाचं इंग्रजी नाही करायचं," काका म्हणाले, "गोणीचं करायचं."

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. एका वहीत प्रत्येक द्रव्यासाठी एक पान. वर लेबलवरचं मराठी नाव, खाली संस्कृत नाव, मग लॅटिन नाव, मग कोणता भाग (मूळ, कंद, फळ, बी, पान, कळी), मग कोणत्या रूपात घातलंय, आणि शेवटी त्यांच्या लॅबच्या रिपोर्टवर काय नाव आहे. हा शेवटचा रकाना वहिनींनी सुचवला. वहिनी म्हणजे काकांची सून, गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेल्या, क्वालिटीचं सगळं त्या बघतात. त्यांचं म्हणणं, पुस्तकात काय लिहिलंय याच्या आधी आपण खरंच काय विकत घेतलंय ते बघ. वावडिंगाचंच घ्या. पुस्तकात एंबेलिया रायबीज, पण बाजारात त्याच नावाखाली त्याची भावंडं सर्रास येतात, एंबेलिया जेरियम-कोट्टम वगैरे, दिसायला जवळपास सारखीच बारीक गोल फळं. आपल्या लॉटच्या रिपोर्टवर जे आलं असेल तेच लेबलवर. आमच्या लॉटवर रायबीज होतं म्हणून तेच राहिलं, पण मी ते पुस्तकातून नाही, रिपोर्टवरून लिहिलं.

भागाच्या रकान्यानेही डोकं खाल्लं. मराठीत जमिनीखालचं सगळं मूळच. पण सुंठ आणि नागरमोथा हे ऱ्हायझोम, निशोत्तर खरोखरचं मूळ म्हणजे रूट, वेलचीचं फक्त बी, लवंग तर फूल न झालेली कळी. तिकडच्या नियमात वनस्पतीचा भाग लिहिणं सक्तीचं आहे आणि आपल्याकडेही ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्सच्या १६१ नंबरच्या रूलमध्ये बोटॅनिकल नाव, भाग आणि रूप मागितलेलंच आहे. म्हणजे कटकट अमेरिकेची नव्हती, आपलंच जुनं लेबल ढिलं होतं.

आता निशोत्तर. संस्कृतमध्ये त्रिवृत, आपल्याकडे तेडही म्हणतात. कोशात इंग्रजी शब्द सापडला टर्पेथ, मी खुश, लिहून टाकलं टर्पेथ पावडर. ड्राफ्ट बायरकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या रेग्युलेटरी बघणाऱ्या बाईंचा मेल, की हे टर्पेथ म्हणजे मिनरल आहे का, असल्यास मर्क्युरीचा खुलासा करा. मला काही कळेना. मग शोधलं तेव्हा लक्षात आलं, जुन्या रसायनशास्त्रात टर्पेथ मिनरल नावाचा पाऱ्याचा एक पिवळा क्षार आहे, मर्क्युरिक सल्फेटचा, आणि त्याला ते नाव आपल्या या मुळाच्या पिवळट रंगावरूनच पडलंय असं म्हणतात. आयुर्वेदिक औषध म्हटलं की तिकडच्यांना आधीच धातूंची धास्ती, त्यात मी हा शब्द दिलेला. शेवटी सामान्य इंग्रजी नाव काढूनच टाकलं आणि ओळ अशी ठेवली : त्रिवृत, ऑपरक्युलिना टर्पेथम, रूट. लॅटिन नावात टर्पेथम आहेच, पण पुढे रूट आल्यावर कुणाला मिनरल वाटत नाही.

त्यावरून एक ठरवलं. जिथे इंग्रजी नाव घट्ट आणि एकाच वस्तूचं आहे, म्हणजे क्लोव्ह, ब्लॅक पेपर, ड्राय जिंजर, तिथे ते लिहायचं. जिथे ते घसरडं आहे तिथे संस्कृत नाव रोमन अक्षरात आणि शेजारी लॅटिन, बस. बिडलोणाला मात्र लॅटिनही नाही, वनस्पतीच नाही ती. ब्लॅक सॉल्ट लिहावं तर पादेलोणालाही तेच म्हणतात आणि ती दोन वेगळी लवणं. इथे विड लवण हेच नाव ठेवून पुढे प्रोसेस्ड सॉल्ट एवढं जोडलं. मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही, पण खोटं तरी नाही.

प्रमाणांचा हिशोब सोपा वाटला होता. मराठी लेबलवर "प्रत्येक ६ ग्रॅममध्ये" आणि पुढे भाग दिलेले. बायरला एका डोसमागे मिलिग्रॅम हवे होते आणि डोस ठरला ३ ग्रॅम. म्हणजे साखर १५०० मिलिग्रॅम, निशोत्तर १०००, लवंग २५०, आणि बाकी अकरा जण प्रत्येकी २२.७. मराठी लेबलवर वाक्य होतं, "सुंठ, मिरी, ... तमालपत्र, लवंग प्रत्येकी १ भाग व ११ भाग". हे वाचून मी पहिल्यांदा लवंगही एक भागात टाकली होती, कारण तो "व ११ भाग" कुणाचा ते वाक्यात नीट बसतच नव्हतं. पकडलं ते बेरजेने. माझी बेरीज ३००० ला पोचेना, २७०० आणि काहीतरी येत होती. तेव्हापासून कुठलंही घटकांचं भाषांतर केलं की आधी बेरीज करून बघते. नंतर २२.७ चे सरळ २३ केले तर बेरीज ३००३ झाली आणि त्या बाईंनी तेही विचारलं, म्हणून दशांश चिन्ह परत आलं. एवढी बारीक बाई, पण मला आवडली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वापरायची पद्धत. मूळ ओळ अशी : "१ ते २ चमचे, दोन वेळा, जेवणापूर्वी कोमट पाण्यासोबत किंवा वैद्यांच्या सल्ल्याने." साधी ओळ, हजार लेबलांवर असते. तुम्ही काय समजलात? मी समजले एका वेळी एक किंवा दोन चमचे, असं दिवसातून दोनदा. आणि तसंच इंग्रजीत बसवलं.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, "छे छे, दिवसाला एक किंवा दोन. एकच घ्यायचा तर रात्रीच्या जेवणाआधी, दोन घ्यायचे तर दोन्ही जेवणांआधी एकेक." मग लेबलवर असं का नाही? तर इथे माणूस दुकानात येतो, काका तोंडी सांगतात, लेबल कोण वाचतंय! ते लेबल म्हणजे काकांच्या बोलण्याची नुसती आठवण होती, आणि अमेरिकेत काका असणार नव्हते.

वर चमचा कोणता? आपल्या घरात चमचा म्हणजे पोहे खायचा चमचा. मी वहिनींच्या टेबलावरच्या वजनकाट्यावर करून पाहिलं. पाच मिलीचा मापाचा चमचा सपाट भरला तर ३ ग्रॅमच्या आसपास. माझ्या डब्यातला स्टीलचा चमचा, शीग लावून, साडेपाच ग्रॅम. आता माझं इंग्रजी वाचून कुणी शिगेचे दोन चमचे दिवसातून दोनदा घेतले असते तर झाले २२ ग्रॅम, त्यात निशोत्तर सात ग्रॅमच्या वर. काकांच्या मनात होतं एक ते दोन ग्रॅम. म्हणजे संडासातून बाहेर येणं मुश्कील. आणि गंमत अशी की माझ्या वाक्यात भाषेची एकही चूक नव्हती!

शेवटी लिहिलं ते असं, इथे मराठीतच सांगते : एक सपाट मापाचा चमचा (३ ग्रॅम) कोमट पाण्यातून रात्रीच्या जेवणाआधी, गरज वाटल्यास आणखी एक दुपारच्या जेवणाआधी, २४ तासांत ६ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मूळ ओळीपेक्षा दुप्पट लांब झालं. मुलगा म्हणाला जागा नाही, काका म्हणाले जागा कर.

तशीच सावधगिरीची ओळ. मूळ : "गर्भिणी, बाळंतीण, लहान मुले, अशक्त व अतिसार असणाऱ्यांनी घेऊ नये. बीपी व शुगर असणाऱ्यांनी वैद्यांना विचारून घ्यावे. फार दिवस सलग घेऊ नये."

बीपी असणाऱ्यांनी! आपण बोलताना सहज म्हणतो, त्यांना बीपी आहे, त्यांना शुगर आहे. शब्दशः इंग्रजी केलं तर ज्यांना रक्तदाब आहे ते सगळे, म्हणजे जिवंत असलेले सगळेच. हाय ब्लड प्रेशर आणि डायबेटिस असं सुटं करून लिहायला लागलं. बाळंतीण हा शब्दही तसाच. आपल्याकडे बाळंतीण साधारण सव्वा महिन्याची, नंतर तिला कुणी तसं म्हणत नाही. पण काकांना अभिप्रेत होतं अंगावर पाजणारी बाई, मग मूल आठ महिन्यांचं का असेना. म्हणून ब्रेस्टफीडिंग. लहान मुले म्हणजे किती वर्षांची? मी आपल्या मनाने १२ लिहून टाकणार होते, सगळीकडे १२ च असतं, पण हात आवरला. आकडा मूळात नाही तो मी कुठून आणणार? काकांना विचारलं, त्यांनी १२ च सांगितलं, पण आता तो त्यांचा १२ होता. "फार दिवस" चं त्यांनी ७ दिवस केलं. हे सगळे आकडे त्यांनी मराठी लेबलवरही सुधारून घेतले, मूळ आणि भाषांतर जुळायला हवं म्हणून.

एक ठिकाणी मी जरा शहाणपणा करायला गेले. मला वाटलं बीपीची सूचना काढावी, कारण ती आहे बिडलोणामुळे आणि ३ ग्रॅममध्ये ते येतं २३ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीच्या चिमटीएवढं. काकांना हिशोब मांडून दाखवला. ते म्हणाले, हिशोब बरोबर आहे, पण सूचना ठेवायची की काढायची हे मी ठरवीन, तू नाही, आणि मी ठेवतोय. राग आला थोडा, खोटं कशाला सांगू. पण बरोबर होतं त्यांचं. भाषांतर करणाऱ्याने सावधगिरी कमी करायची नाही आणि आपल्या मनाने वाढवायचीही नाही, शंका असेल तर विचारायचं.

आणि जोर. "घेऊ नये" आणि "विचारून घ्यावे" यात फरक आहे. पहिलं म्हणजे दार बंद, दुसरं म्हणजे दार वाजवून आत या. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये दोन्हीकडे एकच गुळगुळीत अव्हॉइड वापरलं होतं, वाचायला छान वाटायचं. हे पकडलं वहिनींनी, आणि कसं ते सांगते. मूळ मराठी लेबल न बघता त्यांनी माझं इंग्रजी परत मराठीत लिहून काढलं, आणि मग आम्ही मूळ लेबल शेजारी ठेवलं. त्यांनी लिहिलेलं होतं, "गर्भवती स्त्रियांनी शक्यतो टाळावे." शक्यतो! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पहिल्या यादीला डू नॉट यूज आणि दुसरीला कन्सल्ट अ फिजिशियन बिफोर यूज. वैद्यच्या जागी फिजिशियन करावं लागलं, कारण ओहायोतल्या माणसाने वैद्य कुठून शोधायचा.

उपयोगाच्या ओळीवर फारसं बोलत नाही. "आम्लपित्त, मलावरोध यांवर उपयुक्त" हे तिथे चालत नाही, कारण तिकडे हे औषध म्हणून नाही, डाएटरी सप्लिमेंट म्हणून जातं आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. अधूनमधून होणारा बद्धकोष्ठ, एवढीच सौम्य भाषा, आणि खाली ते ठरलेलं वाक्य की एफडीएने हे विधान तपासलेलं नाही, कुठल्याही रोगाचं निदान, उपचार वगैरे यासाठी हे नाही. हे बायरच्या बाईंनी आयतंच दिलं, मी हात लावला नाही. काकांना ते वाक्य फार लागलं. चाळीस वर्षं देतोय मी हे पित्तासाठी, म्हणाले. नंतर चहा घेतला आणि गप्प झाले.

मुलाची एक हौस होती, डब्याच्या समोर देवनागरीत मोठं "शुद्ध आयुर्वेदिक" हवं, तिकडच्या आपल्या लोकांना बरं वाटेल. बाईंनी नाही सांगितलं. तिकडे नियम असा की लेबलवर परक्या भाषेत काही मजकूर आला की सक्तीची सगळी माहिती त्या भाषेतही छापावी लागते. म्हणजे दोन शब्दांच्या हौसेपायी पूर्ण लेबल मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. जागा आधीच नव्हती. आणि तारखा! ०५/०६ म्हणजे आपला पाच जून, त्यांचा सहा मे. महिना अक्षरात लिहिला आणि विषय मिटवला. बाहेरच्या खोक्यावर फॉर एक्स्पोर्ट हे शब्द ठळक, ते आपल्याच १६१-ए रूलप्रमाणे.

मजकूर पक्का झाला तेव्हा मला वाटलं संपलं. सातपूरच्या प्रेसमधून पीडीएफ आली, मी ओळन् ओळ तपासली, डीटीपीवाल्याने लॅटिन नावांचं इटॅलिक उडवलं होतं आणि एका ठिकाणी २२.७ चा टिंब गायब होऊन २२७ झालं होतं, वेलचीचं. दोन्ही दुरुस्त करून घेतलं. पीडीएफ ओके, मेल पाठवणार, तेवढ्यात वहिनींचा फोन आला की प्रेसवाल्याकडून एक कोरा खोका मागवलाय, येऊन जा.

गेले. त्यांनी प्रिंटआउट काढून त्या खोक्यावर चिकटवली, खोका घडी घालून उभा केला, आणि माझ्याकडे सरकवला. "वाच सावधगिरी." मी चारी बाजू फिरवल्या. घटक होते, डोस होता, पत्ता होता, डू नॉट यूज कुठेच नव्हतं. पीडीएफमध्ये तर मी स्वतः पाहिलेलं! ती ओळ बरोबर त्या पट्टीवर आली होती जी घडी घातल्यावर आत जाते आणि तिच्यावर गोंद लागतो.

मुलाला बोलावलं. दोन पर्याय होते, अक्षर बारीक करायचं किंवा काहीतरी काढायचं. समोरच्या बाजूला हिरव्या पानांचं एक चित्र होतं आणि त्याखाली परंपरेबद्दलची दीड ओळ, मीच मोठ्या हौसेने लिहिलेली. ती दीड ओळ काढली, चित्र अर्धं केलं आणि सावधगिरी डोसच्या लगेच खाली आणली, चौकटीत. प्रेसवाल्याने प्लेटचे पैसे पुन्हा मागितले, ते मुलाने कुरकुरत दिले. खोका परत उभा केला आणि यावेळी काकांनी चष्मा लावून स्वतः वाचला, बोट ठेवून, एकेक शब्द, आणि मग खाली सही करून तारीख टाकली, महिना अक्षरात.